गेटला १४ दिवस राहिलेत, नंबर सिस्टीम पक्कं आहे पण पाइपलाइनमध्ये दांडी गुल. रिव्हिजन कशी लावू?

मृण्मयी_लातूर
नमस्कार सगळ्यांना. फेब्रुवारीत माझा गेटचा कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आहे, आजपासून मोजून १४ दिवस. बाकी विषयांचं बऱ्यापैकी उरकलंय, अडकलंय ते एकाच ठिकाणी. नंबर सिस्टीमचे प्रश्न मला झोपेत उठवून विचारले तरी येतात, टूज कॉम्प्लिमेंट, फ्लोटिंग पॉइंट, काहीही द्या, आणि पाइपलाइन आली की हात थांबतो. गेल्या चार मॉक टेस्टमध्ये पाइपलाइनचे मिळून ७ प्रश्न होते, त्यातला १ बरोबर आला आणि तोही अंदाजाने. व्हिडिओ बघताना सगळं समजतं हो, पण स्वतः सोडवायला बसलं की उत्तर वेगळंच येतं. कालचाच प्रश्न बघा, पाच स्टेजची पाइपलाइन, फॉरवर्डिंग नाही, आणि एका सायकलमध्ये रजिस्टर आधी लिहिलं जातं मग वाचलं जातं असं दिलेलं:

```
I1: LW  R1, 0(R2)
I2: ADD R3, R1, R4
I3: SUB R5, R3, R1
I4: SW  R5, 4(R2)
```

किती सायकल लागतील? माझं १६ आलं, उत्तर १४ आहे. दोन तास घालवले, कुठे चुकलं तेच कळत नाही. दोन आठवड्यांत हे सुधारतं का, आणि रोज किती वेळ कशाला द्यायचा?

पेठेतला
स्पष्टच सांगतो, पाइपलाइन सोडून दे. पेपर १०० मार्कांचा, त्यात पाइपलाइनचा एखादा प्रश्न आला तर आला. १४ दिवसांत कच्चं पिकवण्यापेक्षा जे येतंय ते अजून घट्ट कर, मी माझ्या वेळेला हेच केलं होतं आणि निभावलं.

वेगवान
सोडायची काही गरज नाही, पाइपलाइन म्हणजे दोन फॉर्म्युले आहेत. n इन्स्ट्रक्शन, k स्टेज, तर k + n − 1 सायकल. त्यात स्टॉल मिळवायचे की झालं. तुझ्या प्रश्नात ४ + ५ − १ = ८, वर स्टॉल. आणि प्रश्नात फॉरवर्डिंग आहे असं लिहिलं असेल तर स्टॉल शून्य, सरळ ८ लिहून मोकळं व्हायचं. एका दिवसाचं काम आहे, १४ दिवस कशाला लागतात.

शुभांगी_आई
मला जरा वेगळं विचारायचंय. माझा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचं बरोबर उलटं आहे, त्याला बायनरीतून हेक्समध्ये न्यायचं म्हटलं की घाम फुटतो. तुम्ही सगळे जाणकार दिसता म्हणून इथेच विचारते, त्याच्यासाठी कुठून सुरुवात करू? मी स्वतः कॉमर्सची, मला शिकवता येत नाही.

खडूफळा
मृण्मयी, तुझं १६ कसं आलं ते मी न बघता सांगते, बरोबर निघालं तर पुढचं वाच. तू कोण कोणावर अवलंबून आहे त्याच्या जोड्या मोजल्यास. I1 वर I2, I1 वर I3, I2 वर I3, I3 वर I4. चार जोड्या, प्रत्येकीला दोन स्टॉल, म्हणजे ८, आणि मूळचे ८. झाले १६. असंच ना?

अगं, जोड्या मोजून स्टॉल मिळत नाहीत. I3 ला R1 हवाय हे खरं, पण I3 ला R3 सुद्धा हवाय आणि तो I2 कडून खूप उशिरा येतो. त्याची वाट बघेपर्यंत R1 कधीच लिहून झालेला असतो, त्यामुळे त्या जोडीसाठी वेगळं थांबावंच लागत नाही. हे फॉर्म्युल्यात दिसत नाही, तक्ता काढला की लगेच दिसतं:

```
      1  2  3  4  5  6  7  8  9  10 11 12 13 14
I1    IF ID EX ME WB
I2       IF -- -- ID EX ME WB
I3                IF -- -- ID EX ME WB
I4                         IF -- -- ID EX ME WB
```

I1 चा WB पाचव्या सायकलला, म्हणून I2 चा ID पाचव्यालाच बसतो. I2 चा WB आठव्याला, I3 चा ID आठव्याला. I3 चा WB अकराव्याला, I4 चा ID तिथेच. शेवट १४ वर.

वेगवान, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण फॉरवर्डिंग असलं की स्टॉल शून्य हे इथे चालत नाही. LW ची व्हॅल्यू मेमरीतून येते, म्हणजे चौथ्या सायकलच्या शेवटी. ADD ला ती EX च्या सुरुवातीला हवी, आणि स्टॉल न देता त्याचा EX चौथ्यालाच येतो. ज्या सायकलच्या शेवटी वस्तू हातात येणार ती त्याच सायकलच्या सुरुवातीला कोणी देऊ शकत नाही, कितीही तारा जोडा. म्हणून एक स्टॉल पडतोच. पुढे ADD कडून SUB ला आणि SUB कडून SW ला फॉरवर्डिंगने वेळेत मिळतं. उत्तर ९.

पेठेतला, जे येतंय तेच घट्ट करून हिला नवीन मार्क कुठून मिळणार? नंबर सिस्टीमचे प्रश्न तिचे आधीच बरोबर येतायत. आणि पाइपलाइनचे प्रश्न बरेचदा आकडा टाइप करायचे असतात, त्याला निगेटिव्ह मार्किंग नाही.

प्लॅन रात्री लिहिते, आत्ता लेक्चर आहे. शुभांगीताई, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे पण इथे हरवेल, वेगळा धागा काढा, मी नक्की येते. तोवर मुलाला चार-चार बिटांचे गट पाडून ० ते १५ च्या हेक्सचा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने लिहायला सांगा.

मृण्मयी_लातूर
मॅडम, तंतोतंत हेच केलं होतं मी! चार जोड्या गुणिले दोन. आणि एवढे दिवस सगळ्याच प्रश्नांना हेच करत होते.

खडूफळा
आता प्लॅन. रोज दीड तास धरते, बाकी वेळ इतर विषयांना लागणारच.

पहिले तीन दिवस एकही फॉर्म्युला वापरायचा नाही. आलेख कागदाचं एक पॅड आण, आडवं धरलं की चौकोनांत तक्ता सरळ बसतो, कोऱ्या कागदावर रांगा तिरक्या होतात आणि चुका तिथूनच सुरू होतात. रोज चार किंवा पाच इन्स्ट्रक्शनचे दोनच तुकडे घ्यायचे, पण प्रत्येक तुकडा तीन वेळा काढायचा. एकदा फॉरवर्डिंग नाही आणि लिहिणं-वाचणं एका सायकलमध्ये चालत नाही असं धरून, एकदा ते चालतं असं धरून, आणि एकदा फॉरवर्डिंगसकट. तुझ्याच तुकड्याची तीन उत्तरं १७, १४ आणि ९ येतात. एकच कोड, तीन उत्तरं. तुझ्या बहुतेक चुका इथेच होत असणार, की प्रश्न एका प्रकारचा आणि डोक्यात दुसराच प्रकार चालू.

तक्ता बरोबर आहे का हे उत्तर न बघता तपासायची युक्ती सांगते. कुठलाही एक उभा रकाना घे आणि वरून खाली वाच. एकाच रकान्यात ID किंवा EX दोनदा आला तर तक्ता चुकला, कारण एका स्टेजमध्ये एका वेळी एकच इन्स्ट्रक्शन मावते. दुसरं, खालची इन्स्ट्रक्शन वरच्या इन्स्ट्रक्शनच्या पुढे गेलेली दिसली तरीही चुकला. I2 अडकली की तिच्या मागच्या सगळ्या अडकतात, एसटीच्या दारात कोणी पिशवी घेऊन उभं राहिलं की मागच्यांचं जे होतं तेच.

चौथा आणि पाचवा दिवस घड्याळाच्या प्रश्नांना, म्हणजे स्टेजला किती नॅनोसेकंद लागतात वगैरे. सहावा दिवस फक्त लोडनंतर लगेच वापर. सातवा-आठवा ब्रँच. नवव्या दिवशी मागच्या वर्षांच्या पेपरमधले पाइपलाइनचे १२ प्रश्न घड्याळ लावून ४० मिनिटांत. दहाव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त नवव्या दिवशी चुकलेले, तेही दुसऱ्या दिवशीच्या ताज्या डोक्याने. अकरा ते तेरा सगळे विषय मिसळून सेट, म्हणजे पाइपलाइनचा प्रश्न अचानक समोर यायची सवय होईल. चौदाव्या दिवशी संध्याकाळनंतर वही बंद.

नंबर सिस्टीमला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या दिवशी २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. हे सांगायचं कारण, पाइपलाइन जमली नाही की तुझा हात आपोआप नंबर सिस्टीमच्या प्रश्नांकडे जाणार, तिथे बरोबर उत्तरं येतात, बरं वाटतं आणि दीड तास निघून जातो. मी वर्गात दरवर्षी बघते.

निळासावळा
मी चिप व्हेरिफिकेशनमध्ये काम करतो, परीक्षा सोडून बरीच वर्षं झाली पण राहवलं नाही म्हणून लिहितो. खडूफळा मॅडमनी लोडचा जो एक स्टॉल सांगितला त्याचा एक जुना किस्सा सांगण्यासारखा आहे. सुरुवातीच्या मिप्स प्रोसेसरमध्ये तो स्टॉल हार्डवेअर देतच नव्हतं. लोडच्या लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनने ती व्हॅल्यू वापरायची नाही असा नियमच होता, आणि तिथे दुसरं काही काम बसवायची नाहीतर मोकळी NOP टाकायची जबाबदारी कंपायलरवर. म्हणून 'इन्स्ट्रक्शन मागेपुढे करून स्टॉल कमी करा' असा प्रश्न आला तर त्याच्यामागे खरं कारण आहे हे लक्षात ठेव, LW आणि त्याचा वापर यांच्यामध्ये ज्याचा कोणाशी संबंध नाही अशी एखादी इन्स्ट्रक्शन सरकवायची.

एका गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. पहिल्या दोन प्रकारचे तक्ते रोज काढायची गरज नाही, आज फॉरवर्डिंगशिवाय सहसा कोणी डिझाइन करत नाही, त्यामुळे तिने सरळ फॉरवर्डिंगचेच तक्ते काढावेत.

खडूफळा
कंपायलरचा मुद्दा फार चांगला. पण दुसऱ्याबद्दल, पेपर काढणारा आजची चिप डोळ्यांसमोर ठेवून प्रश्न काढत नाही, त्याला तीनही प्रकार विचारता येतात आणि तो विचारतो. तिघांपैकी एक जरी कच्चा राहिला तरी ती परत जोड्या मोजायला लागेल.

मृण्मयी_लातूर
तिसरा दिवस संपला. ६ तुकडे, १८ तक्ते. पहिल्या दिवशी ६ पैकी ४ तक्ते चुकले, रकाना वाचायची युक्ती लावल्यावर त्यातले तीन मीच पकडले. आज ६ पैकी १ चुकला. तो फॉरवर्डिंगचा होता, मी I2 ला स्टॉल दिला पण I3 चा ID चौथ्याच सायकलला ठेवला, I2 अजून तिथेच अडकलेली असताना.

नंबर सिस्टीमची २० मिनिटं पण केली, 0xC1480000 चे −12.5 पटकन आले. पण खरं सांगू का, पाइपलाइनच्या आधीच ते करायला बसले होते, तुम्ही म्हणालात तसंच. उद्यापासून क्रम उलटा करते.

एक अडचण आहे, काही प्रश्नांत लिहिणं-वाचणं एकाच सायकलमध्ये चालतं की नाही हे दिलेलंच नसतं. मग १७ धरायचं की १४?

वेगवान
दिलं नसेल तर चालतं असंच धरायचं, सगळ्या क्लासमध्ये तसंच शिकवतात.

निळासावळा
मी उलट म्हणेन. सांगितलं नसेल तर रजिस्टर सायकलच्या शेवटी लिहिलं जातं असं धरणं जास्त सुरक्षित, जे दिलं नाही ते आपल्या मनाने का घालायचं.

खडूफळा
यावर मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी दोन्ही प्रकारची उत्तरं बघितली आहेत. पर्याय दिलेले असतील तर दोन्ही काढून बघ, बरेचदा त्यातलं एकच पर्यायांत असतं. 'ऑपरेंड ID मध्ये वाचले जातात, WB मध्ये लिहिले जातात' अशा ओळी प्रश्नात कुठे दडल्यात का ते आधी शोध. एवढं करूनही आकडाच टाइप करायचा असेल तर एकावर ठाम राहा आणि पुढे जा, तिथे दहा मिनिटं जाळू नकोस.

तिसऱ्या दिवशी ६ पैकी ५ म्हणजे ठरवल्याप्रमाणे चाललंय. उद्या घड्याळ. एक गणित देते. स्टेजचे वेळ १०, ८, १२, ९ आणि ६ नॅनोसेकंद, प्रत्येक लॅचला १. शंभर इन्स्ट्रक्शन, स्टॉल नाही. पाइपलाइन नसलेल्यापेक्षा किती पट वेग?

वेगवान
पाच स्टेज, पाच पट. शंभर इन्स्ट्रक्शन आहेत म्हणून थोडं कमी, ४.८ वगैरे.

मृण्मयी_लातूर
माझं ३.७ आलं. साधं मशीन ५० × १०० = ५०००, पाइपलाइन १०४ × १३ = १३५२.

खडूफळा
वेगवान, पाच पट तेव्हाच जवळ येईल जेव्हा पाचही स्टेजना सारखाच वेळ लागतो आणि लॅचचा वेळ नगण्य असतो. इथे १२ वाली स्टेज सगळ्यांना आपल्या वेगाने चालवते.

मृण्मयी, १३५२ बरोबर. पण ५० कुठून आणलेस? पाइपलाइन नाही तर मधले लॅचही नाहीत. बेरीज ४५, शंभरला ४५००. ४५०० भागिले १३५२ म्हणजे साधारण ३.३३. तुझ्यासारख्या आकडेमोडीत पक्क्या मुलांची हीच चूक होते, भागाकार अचूक पण चुकीच्या आकड्याचा.

आता याच गणितात १२ वाली स्टेज ६ आणि ६ अशी तोडली तर काय होईल ते आज रात्री कर.

मृण्मयी_लातूर
सर्वांत हळू आता १०, लॅच धरून ११. सहा स्टेज म्हणून १०५ सायकल, ११५५. ४५०० भागिले ११५५ = ३.९ च्या आसपास. म्हणजे १२ ची अर्धी केली तरी वेग दुप्पट नाही झाला, कारण लगेच १० वाली आडवी आली!

खडूफळा
हे तू स्वतः बघितलंस ते बरं झालं, पुढची तोडायची झाली तर १० वाली, हेही आता कळलं असेल. ब्रँचला तुझी नंबर सिस्टीम कामाला येणार आहे. समज BEQ 0x40 या पत्त्यावर आहे आणि त्याच्या १६ बिटांच्या ऑफसेटमध्ये FFFC आहे. ब्रँच झाली तर कुठे जाईल?

मृण्मयी_लातूर
FFFC म्हणजे −4. शब्द चार बाइटचा म्हणून −16. पुढचा पत्ता 0x44, त्यातून 0x10 वजा, 0x34. हे तर मला येतंच होतं, पण हे पाइपलाइनमध्ये येतं हे माहीत नव्हतं.

खडूफळा
येतं, आणि पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. 0x34 वर जायचं हे ठरेपर्यंत 0x44 आणि 0x48 च्या इन्स्ट्रक्शन आत शिरलेल्या असतात का? ब्रँचचा निर्णय EX च्या शेवटी होत असेल तर हो, एक ID मध्ये आणि एक IF मध्ये, दोन्ही फेकून द्याव्या लागतात, म्हणून दोन सायकल वाया. निर्णय ID मध्ये होत असेल तर एकच, MEM मध्ये असेल तर तीन. दोन की तीन हे पाठ करू नकोस, निर्णय कुठल्या स्टेजला होतो ते प्रश्नात शोध आणि त्याच्या मागे किती इन्स्ट्रक्शन आहेत ते बोटाने मोज.

मग शंभरात २० ब्रँच आणि प्रत्येकीला दोन सायकल थांबायचं, तर ४० जास्तीचे, सरासरी १.४ सायकल. पण प्रोसेसर न थांबता 'ब्रँच होणार नाही' असं धरून पुढे जात असेल आणि २० पैकी १२ वेळाच ब्रँच होत असेल, तर दंड फक्त त्या १२ ना, २४ जास्तीचे, १.२४. हा फरक प्रश्नातल्या एका शब्दावर असतो, तो शब्द पेनाने अधोरेखित कर.

पेठेतला
मी सुरुवातीला सोडून दे म्हणालो होतो. हे सगळं वाचून वाटतंय की माझ्या वेळेला कोणी आलेख कागद हातात दिला असता तर मीही सोडलं नसतं. तरी एक सांगतो, सातव्या दिवसापर्यंत जमलं नाही तर ब्रँच प्रेडिक्शनच्या खोलात जाऊ नकोस.

मृण्मयी_लातूर
नववा दिवस. १२ पैकी ८ बरोबर, ४३ मिनिटं लागली, तीन मिनिटं जास्त. चुकलेल्या चारांपैकी दोन ठिकाणी प्रश्न नीट वाचला नव्हता, एक लिहिणं-वाचणं वालाच, तिथे मी १४ सारखं धरलं आणि उत्तर १७ सारखं होतं. चौथा अजून कळलेला नाही, त्यात EX ला गुणाकारासाठी ३ सायकल लागतात असं आहे आणि माझा तक्ता तिथे परत गोंधळतो.

खडूफळा
रकाना वाच. गुणाकार EX मध्ये तीन सायकल बसलेला असताना तू पुढचीचा EX त्याच रकान्यात टाकला असशील. फोटो टाक, दहावा दिवस त्याच्यासाठीच ठेवलाय.